समोरासमोरची दोन कृषी सेवा केंद्रे आणि एक उधारीची वही

प्रश्न : बाजारपेठेत माझ्या कृषी सेवा केंद्राच्या समोरच दुसरे केंद्र आहे. बरीच वर्षे आमची चढाओढ चालली. अलीकडे दोन हंगामांपासून आम्ही एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवू लागलो आहोत आणि आता समोरचे भागीदारीचे म्हणत आहेत. असे जमल्याचे कुणी जवळून पाहिले आहे का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर :

मी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या कृषी सेवा केंद्रांचे हिशोब लिहितो, विवरणपत्रे भरतो आणि भागीदारीचे करारनामे तयार करतो. अशी जोडी मी पाहिली आहे आणि तिच्या दोन्ही वह्या माझ्याकडेच होत्या, म्हणून तिचीच हकीकत तपशिलाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव घेत नाही आणि आकडे गोल केले आहेत. थोरल्या दुकानदारांना आपण आबा म्हणू आणि धाकट्यांना बापू.

आबांचे दुकान वडिलांच्या वेळचे. मागे मोठे गोदाम, खतांचा धंदा मुख्य आणि पंचक्रोशीतल्या वाड्यावस्त्यांवर तीन पिढ्यांची ओळख. बापू कृषी पदवीधर. त्यांनी समोरचा गाळा घेतला तो कीटकनाशकांच्या जोरावर. सोयाबीनवर खोडमाशी दिसली की चक्रीभुंगा, हे ते पानावरून आणि देठावरून सांगत, त्यामुळे पाहता पाहता औषधांचे गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले. पुढची बरीच वर्षे दोघांनी एकमेकांना नमस्कारही केला नाही. बियाण्याच्या थैलीमागे एकाने वीस रुपये कमी केले की दुसरा पंचवीस कमी करी.

पण दोघांचे खरे नुकसान भावात होत नव्हते, आणि तुमच्याकडेही तसेच असण्याची शक्यता मोठी आहे. युरियाची किंमत ठरलेली असते, इतर खतांत दुकानदाराला सुटणारे पैसे थोडे असतात, म्हणजे भाव पाडायला जागाच फारशी नसते. मग चढाओढ उतरते उधारीवर. आबांनी दिवाळीपर्यंत उधार दिले की बापू संक्रांतीपर्यंत देत. आपल्याकडे पेरणी जूनमध्ये आणि सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे चार-पाच महिन्यांची उधारी कुणालाच चुकत नाही. संक्रांत म्हणताच ती तुरीच्या पैशावर ढकलली जाते आणि तुरीला भाव नसला की पुढच्या खरिपावर. दुकानदाराला मात्र वितरकाचे पैसे ठरल्या दिवशी द्यावे लागतात. या दोन तारखांमधले अंतर दुकानदार स्वतःच्या पैशाने किंवा बँकेच्या व्याजाने भरून काढतो. चढाओढीत ते अंतर वाढते आणि दोघांच्याही वहीत ते वेगळे दिसत नाही.

या दोघांना ते दिसले ते लातूरच्या आडत बाजारात. एका शेतकऱ्याने सोयाबीन घातले होते आणि आपले पैसे पट्टीतून वळते करून घ्यावेत म्हणून आबा आडत्याच्या गादीवर बसले होते. तेवढ्यात त्याच शेतकऱ्याच्या वसुलीसाठी बापूही आले. पट्टीची रक्कम दोघांपैकी एकाचेही येणे पुरे करील इतकी नव्हती. आडत्याने चहा मागवला आणि तुमच्या दोघांच्या वहीत आणखी कितीजण सारखे आहेत ते एकदा पाहून घ्या, असे सुचवले. त्या दिवशी नाही, पण आठवडाभराने दोघे वह्या घेऊन बसले. साठ-सत्तर नावे सामाईक निघाली. त्यातल्या बहुतेकांचा क्रम एकच होता. एका दुकानात येणे थकले की पुढचा हंगाम समोरच्या दुकानात रोखीने सुरू करायचा, दोन-तीन बिले रोख दिली की तिथे उधारी उघडायची, आणि तीही थकली की पहिल्या दुकानात थोडी रक्कम टाकून पुन्हा पत मिळवायची. यात शेतकऱ्याची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. पाऊस लांबला की त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसे. पण तो मार्ग या दोघांच्या अबोल्यातून चालत होता.

त्यांच्या भागीदारीची सुरुवात मी इथूनच मोजतो. पहिला करार एका ओळीचा आणि तोंडी होता. समोरच्या दुकानात ज्याचे मागील हंगामाचे येणे निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, त्याला इथे नवी उधारी उघडायची नाही, मात्र रोखीने मागणाऱ्याला कधीही नाही म्हणायचे नाही. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो पाळला नाही तर तुमचा समझोता शेतकऱ्यावरचा बहिष्कार होतो, आणि पेरणीच्या दिवसांत बियाणे नाकारल्याची बातमी गावात कशी फिरते ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या हंगामात काही गिऱ्हाईक रागावून तिसऱ्या दुकानात गेले. त्यातले बरेच रोखीवर परत आले, काही आलेच नाहीत. गावात आणखी तीन-चार केंद्रे असतील तर हा उपाय कमी लागू पडतो, हे गृहीत धरा.

यानंतर गिऱ्हाईक पाठवणे सुरू झाले. बापूंच्या काउंटरवर खताची यादी आली की ते चिठ्ठी देऊन समोर पाठवत, आणि आबांकडे कुणी कीड लागलेले पान घेऊन आला की आबा त्याला बापूंकडे धाडत. तुमचे दोन हंगाम असेच चालले असावेत, म्हणून यातल्या तीन अडचणींवर थोडे थांबतो.

पहिली अडचण मालाची. गर्दीच्या दिवसांत एकाकडचे खत संपते आणि तो समोरून वीस गोण्या हातउसन्या मागतो. हे करू नका. २०१८ पासून खताचे अनुदान कंपनीला मिळते ते किरकोळ दुकानातल्या पॉस मशीनवर शेतकऱ्याच्या ओळखीसह झालेल्या विक्रीवर. समोरच्या गोदामातून तुमच्या गोदामात आलेल्या वीस गोण्या दोन्ही मशीनवर दिसत नाहीत. त्यांच्याकडे मशीनवरचा साठा जास्त आणि गोदामातला कमी, तुमच्याकडे त्याच्या उलट. गुणनियंत्रण निरीक्षकाने साठा जुळवायला घेतला की दोघांचेही परवाने अडचणीत येतात. शिवाय किरकोळ विक्रेत्याचा परवाना शेतकऱ्याला विकण्यासाठी असतो, दुसऱ्या दुकानदाराला विकण्यासाठी नसतो. बियाण्यात तर धोका आणखी स्पष्ट आहे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा तक्रारीत पाहणी करणारी समिती पहिल्यांदा बिल, पिशवीवरचे लेबल आणि लॉट क्रमांक मागते. ज्या लॉटचे खरेदीबिल तुमच्याकडे नाही तो तुमच्या बिलावर कसा आला, याला तुमच्याकडे उत्तर नसेल. आबा आणि बापूंनी म्हणून एकच नियम ठेवला : माल रस्ता ओलांडणार नाही, गिऱ्हाईक ओलांडेल. ज्याचा माल त्याचे बिल. कीटकनाशकाच्या बाबतीत तर आबा बापूंची एक बाटलीही आपल्या फळीवर ठेवून घेत नसत.

दुसरी अडचण दलालीची. पहिल्या वर्षी चिठ्ठीमागे बिलाच्या एक टक्का पाठवणाऱ्याला द्यायचे ठरले होते. महिनाभर ते ठीक चालले. मग प्रश्न पडू लागले. चिठ्ठी खताची होती, पण त्याने फवारणी पंपही घेतला, तर पंपावर दलाली धरायची का? चिठ्ठी घेऊन आलेला शेतकरी मुळात माझाच होता, मग दलाली कसली? दर शनिवारी चिठ्ठ्यांचा हिशोब आणि दर शनिवारी कुरबूर. खतात मुळातच थोडे सुटते आणि त्यातून दलाली दिली की पाठवलेले गिऱ्हाईक नकोसे वाटू लागते, आणि ते त्या गिऱ्हाइकालाही जाणवते. हंगाम संपल्यावर त्यांनी दलाली बंद केली आणि तिच्याऐवजी माल वाटून घेतला. बापूंनी खत ठेवणे जवळजवळ थांबवले, आबांनी नवी औषधे भरणे बंद केले, बियाणे दोघांकडे राहिले. दलाली गेली तरी चिठ्ठी राहिली, कारण संध्याकाळी तिच्यावरून एवढे कळे की पाठवलेला माणूस समोर पोचला की वाटेत तिसऱ्याच दुकानात गेला. माझ्या मते तुमचे दोन हंगाम तपासण्याची हीच पद्धत आहे. पाठवलेले आणि पोचलेले यांत मोठा फरक असेल, तर तुमच्या गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानाविषयी काही तक्रार आहे, आणि ती भागीदारीपूर्वी ऐकून घ्यायला हवी.

तिसरी अडचण पुन्हा उधारीची. बापूंनी आपल्या एका पाहुण्याला चिठ्ठी देऊन खतासाठी पाठवले. आबांनी “बापूंचा माणूस” म्हणून उधार दिले. दिवाळी गेली, पैसे आले नाहीत आणि आबांनी बापूंकडे मागणी केली. बापूंचे म्हणणे असे की मी माणूस पाठवला, हमी दिली नव्हती. दोघेही आपापल्या परीने खरे होते. यानंतर चिठ्ठीवर ‘रोख’ किंवा ‘उधार, तुमच्या जबाबदारीवर’ असे शिक्के आले. माल देणाऱ्याची जोखीम माल देणाऱ्याकडे, हे शब्दात लिहिलेले असल्याशिवाय एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवू नये, नात्यातले तर मुळीच नाही.

अशी तीन वर्षे गेली. मधल्या काळात लातूरहून येणारी मालाची गाडी सामाईक झाली, दोघांची बिले वेगळी आणि भाडे गोण्यांच्या प्रमाणात. मग एका दिवाळीनंतर दोघे माझ्याकडे आले ते एका कागदावर भांडवलाचा हिशोब मांडूनच.

आबांचा हिशोब असा होता : माल १४ लाख, लोकांकडून येणे ११ लाख, वितरकांचे देणे ६ लाख, म्हणजे भांडवल १९ लाख. बापूंचा : माल ७ लाख, येणे ५ लाख, देणे ३ लाख, म्हणजे ९ लाख. सुमारे दोनास एक, म्हणून नफाही दोनास एक, असे आबांचे म्हणणे. बापूंना ते पटत नव्हते, पण आकड्यांपुढे बोलता येत नव्हते.

मी आबांकडून ११ लाखांच्या येण्याची वर्षवार यादी मागितली. त्यातले ४ लाख त्याच खरिपाचे होते, ३ लाख त्याआधीच्या दोन वर्षांचे, आणि ४ लाख तीन वर्षांहून जुने. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात गिऱ्हाइकाने येणे मान्य असल्याची सही दिली असेल, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद सहीनिशी केली असेल, तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते, पण आपल्या वह्यांमध्ये गिऱ्हाइकाची सही क्वचितच असते. म्हणजे ते ४ लाख कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ गेलेले होते. आबांना ते येतील असे मनापासून वाटत होते, आणि कदाचित त्यातले काही येतीलही, कारण आपल्याकडे लेकीचे लग्न ठरले की माणसे जुनी बाकी आपणहून फेडतात. पण भागीदारीत भांडवल म्हणून तो आकडा धरला, तर न आलेल्या पैशावर आबांना नफ्यात वाटा मिळत राहील आणि बापूंच्या मनात ते दर वर्षी डाचेल. उलट तो शून्य धरला तर पुढे आलेला प्रत्येक रुपया निम्मा बापूंना जाईल आणि आबांना डाचेल. जुन्या उधारीची अशी कुठलीही किंमत नाही की जी दोघांना पाच वर्षांनीही रास्त वाटेल.

म्हणून जुनी उधारी बाहेर ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडीला मी हेच सांगतो आणि निम्मेजण इथेच उठून जातात, कारण ज्याचे येणे मोठे असते त्याला भागीदारी हवी असते ती मुळात ते येणे भागीदाराच्या गळ्यात घालण्यासाठी.

जुना मालही आणायचा नाही असे ठरले. दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत दोघांनी आपापला साठा विकून कमी करायचा, मुदत संपत आलेली औषधे कंपनीला परत करायची किंवा स्वतःकडे ठेवायची, पॉस मशीनवरचा खतसाठा शून्यावर आणायचा, वितरकांची देणी मिटवायची, आणि १ एप्रिलला नव्या फर्मच्या बँक खात्यात रोकड भरायची. आबांनी ७ लाख भरले, बापूंनी ५ लाख. मालाच्या किमतीवरून वाद होण्याचे कारणच उरले नाही. रब्बी संपलेली आणि खरिपाची खरेदी सुरू व्हायची, म्हणून आपल्या धंद्यात हे तेवढ्याच दिवसांत जमते. जून उजाडल्यावर कुणी भागीदारी करायला आले तर मी त्यांना पुढच्या वर्षी बोलावतो.

आता नफ्याचा प्रश्न. करारनाम्यात काहीच लिहिले नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा समान वाटला जातो, भांडवल कितीही असो, आणि भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही. या दोघांसाठी मी पैसा, जागा आणि श्रम यांचे मोल आधी वेगवेगळे काढले आणि उरलेला नफा समान ठेवला. पहिल्या वर्षाचा हिशोब मांडून दाखवतो. या वाटण्यांपूर्वीचा नफा ८ लाख होता. आबांच्या गोदामाचे भाडे महिना ७ हजार, वर्षाचे ८४ हजार. भांडवलावर १२ टक्के व्याज म्हणजे आबांना ८४ हजार आणि बापूंना ६० हजार. प्राप्तिकरात भागीदाराचे व्याज १२ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून मान्य होते, म्हणून तो दर. बापू पूर्ण वेळ काउंटरवर, त्यांचा पगार महिना २० हजार. आबा सकाळचा वेळ आणि वसुली पाहणार, त्यांचा १० हजार. हे सगळे वजा जाऊन २ लाख १२ हजार उरले, ते निम्मे निम्मे. एकूण आबांच्या पदरी ३ लाख ९४ हजार पडले आणि बापूंच्या ४ लाख ६ हजार. मात्र १२ हजारांच्या फरकाकडे दोघांचेही लक्ष गेले नाही. आबांनी आपले व्याज बँकेच्या ठेवीशी ताडून पाहिले, बापूंनी आपला पगार लातूरच्या वितरकाकडे काम करणाऱ्या वर्गमित्राशी. दोघांना आपापला आकडा रास्त वाटला तो त्यामुळे. दोनास एक या एका प्रमाणात सगळे बसवले असते तर असे ताडून पाहायला काहीच नव्हते.

पगार आणि व्याज करारनाम्यात लिहिलेले असेल तरच फर्मला खर्च म्हणून धरता येते, तोंडी ठरलेले चालत नाही. आणि १ एप्रिल २०२५ पासून एका भागीदाराला वर्षात पगार, व्याज वगैरे मिळून २० हजारांपेक्षा जास्त दिले, तर फर्मने १० टक्के कर कापून भरायचा असतो. लहान फर्मना हे अजून अंगवळणी पडलेले नाही.

परवान्यांकडे मात्र नीट पाहा. खत, बियाणे आणि कीटकनाशक या तिन्हींची परवानगी वेगवेगळी असते आणि ती परवानाधारकाच्या नावावर आणि त्या जागेपुरती असते. आबांचा खताचा परवाना आणि बापूंचा औषधाचा परवाना एकत्र आणले म्हणून फर्मचे परवाने होत नाहीत. फर्मच्या नावाने नवा पॅन, नवी जीएसटी नोंदणी, नवे परवाने आणि प्रत्येक कंपनीचे नवे उगम प्रमाणपत्र लागते. फर्मचा परवाना हातात येईपर्यंत जुन्या दुकानाने जुन्या नावाने जुना माल विकायचा, नवा माल फर्मच्या नावाने आला तरी कुलपात ठेवायचा. कीटकनाशकाच्या परवान्याला शैक्षणिक अट आहे आणि या जोडीत ती बापूंच्या पदवीमुळे पूर्ण होत होती. म्हणजे उद्या बापू बाहेर पडले तर औषधांचे काउंटर अडते. म्हणून बाहेर पडणाऱ्याने एक पूर्ण हंगाम आधी लेखी कळवावे आणि जून ते सप्टेंबरमध्ये बाहेर पडू नये, असे कलम घातले. आबांच्या बाजूने त्याला जोडून अट आली की भागीदारी मोडली तरी गोदाम फर्मकडे एक वर्ष त्याच भाड्याने राहील.

फर्म सुरू झाल्यावर पहिली खरी ठिणगी पडली ती बाहेर ठेवलेल्या उधारीवरूनच. एका गिऱ्हाइकाकडे आबांचे जुने १५ हजार आणि फर्मचे चालू ८ हजार होते. तो दिवाळीत १० हजार घेऊन आला. आबा काउंटरवर होते, त्यांनी ते आपल्या जुन्या वहीत जमा केले. बापूंना चार दिवसांनी कळले. यात आबांनी पैसे लपवले नव्हते. तीस वर्षांची सवय होती, हाताने जुनी वही उघडली. पण फर्मचा वितरक थांबणार नव्हता. आम्ही करारनाम्याला पुरवणी जोडली. फर्मच्या काउंटरवर आलेला पैसा आधी फर्मच्या चालू हंगामात जमा होईल, उरला तर जुन्या येण्यात. जुनी वही आबांच्या घरी राहील, दुकानात नाही. आणि आबांचा तोटा होऊ नये म्हणून, जुनी बाकी असलेल्याला फर्मची उधारी मिळेल ती जुन्या बाकीच्या लेखी कबुलीवर आणि हप्ता ठरवल्यावरच. मुदत उलटलेल्या बाकीलाही गिऱ्हाइकाने ‘मी देईन’ असे सहीनिशी लिहून दिले तर करार कायद्याप्रमाणे तो नवा करार ठरतो, त्यामुळे त्या ४ लाखांतले थोडेफार पुन्हा जिवंत झाले. ही पुरवणी तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

एक गोष्ट बापूंना मी एकट्यात सांगितली होती आणि आबांनाही. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासकट जबाबदार असतो. वितरकाने पैशासाठी दावा लावला तर तो दोघांपैकी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे आधी पाहील. आबांकडे जमीन होती. म्हणून ठराविक रकमेवरची वितरकाची उधारखरेदी दोघांच्या सहीशिवाय करायची नाही, असे दोघांनी आपसात ठरवले आणि मुख्य वितरकांना पत्राने कळवले. नुसते आपसात ठरवून भागत नाही, कारण वितरकाला ते माहीत नसेल तर एका भागीदाराच्या खरेदीने फर्म बांधली जाते.

करारनामा मुद्रांकावर करून थांबू नका, फर्मची नोंदणी करा. भागीदारी बिननोंदणीची चालते, पण अशा फर्मला थकबाकीदारावर दावा लावता येत नाही आणि भागीदारालाही करारातल्या हक्कासाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. ज्यांचा सगळा धंदाच उधारीवर आहे त्यांनी नोंदणीचा खर्च वाचवणे मला कधी समजलेले नाही.

शेवटचे कलम आबांच्या वयाचे होते आणि ते स्वतः आबांनीच काढले. भागीदार वारला की फर्म संपते. पुढे चालू राहील असे करारात लिहिता येते, पण भागीदार दोनच असतील तर तसे लिहूनही उपयोग होत नाही, कारण उरलेल्या एकट्याची भागीदारी होत नाही. परवाने, पॅन, बँक खाते सगळे एका दिवसात थांबते, आणि ते ऐन पेरणीत झाले तर गोदामातला माल तसाच पडून राहतो. यावर तिसऱ्या वर्षी आबांच्या मुलाला दहा टक्क्यांवर भागीदार करून घेतले. ते दहा टक्के कुणाच्या वाट्यातून जायचे यावर दोन महिने बोलणे चालले. आबा म्हणत निम्मे निम्मे, बापू म्हणत मुलगा तुमचा. शेवटी सात टक्के आबांच्या वाट्यातून आणि तीन टक्के बापूंच्या वाट्यातून गेले. अट अशी की मुलगा बापूंच्या हाताखाली औषधांच्या काउंटरवर उभा राहील. सध्या तो परवान्याच्या शैक्षणिक अटीसाठी लागणारा अभ्यासक्रम करतो आहे आणि वसुलीला आबांच्या ऐवजी तोच गावोगाव फिरतो.

तुम्ही दोघे बोलायला बसाल तेव्हा भांडवलाचा कागद घेऊन बसू नका. दोघांनी आपापल्या येण्याची वर्षवार यादी घ्या, ज्या नावापुढे गिऱ्हाइकाची सही आहे तिथे खूण करा आणि याद्या एकमेकांच्या हातात द्या. समोरचे यादी दाखवायला तयार नसतील, किंवा तुम्हालाच ती दाखवाविशी वाटत नसेल, तर आणखी एक-दोन हंगाम चिठ्ठीवरच चालू द्या.